चाळीस डॉलरचे दोनशे चाळीस

हे लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं, की आता ज्यांच्यासाठी लिहावं त्यांच्यापैकी कुणीही उरलेलं नाही. मध्ये एकदा आईला सांगायला बसलो होतो. तिनं ऐकण्याआधीच "जाऊ दे ना, मेलेल्या माणसांचं काय उकरतोस" म्हटलं, आणि मला ते बरंच वाटलं. माणूस अशी परवानगी शोधतच असतो. आता डॉक्टरांनी फिरायला बंदी केली आहे, दुपारी झोप येत नाही, म्हणून बसलो आहे. घरात सगळ्यांना वाटतं, आजीच्या हालांना परदेशातला मामा जबाबदार. मामानं म्हाताऱ्या आईबापांना वाऱ्यावर सोडलं, असं आमच्या नात्यात आजही बोललं जातं. ते खरं नाही. काय खरं, ते मला माहीत आहे, कारण ते माझ्या हातून झालं.

माझे आजी-आजोबा, म्हणजे आईचे आईवडील, तेल्हाऱ्याला राहत. आजोबांनी तिथं वकिलांच्या हाताखाली कारकुनी केली आणि तिथंच भाड्याच्या दोन खोल्यांत म्हातारे झाले. त्यांना दोनच मुलं. माझी आई आणि तिच्या पाठचा मामा. मामा हुशार निघाला, शिष्यवृत्ती मिळवून अमेरिकेला इंजिनिअरिंग शिकायला गेला आणि पुढं तिथंच नोकरीला लागला. तो गेला त्याच्या दुसऱ्या वर्षी आजोबांना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. अंगानं भरदार माणूस. त्यांना उचलायचं, बसवायचं, न्हाणीत न्यायचं, कूस बदलायची, हे एकट्या बाईचं काम नव्हतं. म्हणून आजीनं एक गडी ठेवला होता. तो सकाळी आणि संध्याकाळी यायचा, आजोबांना लहान मुलासारखं उचलायचा आणि "चाला मालक, दिल्लीले जाऊ" म्हणत मोरीपर्यंत न्यायचा. आजोबा तोंडाच्या डाव्या कोपऱ्यानं हसायचे. त्याला महिन्याला पंचेचाळीस रुपये होते. बाकी भाडं, दूध, औषध आणि दोघांचं पोट. आजोबांना पेन्शन नव्हती. घर मामाच्या पैशावर चालायचं.

ते पैसे यायचे कसे, ते नीट सांगितलं पाहिजे. सगळी गोष्ट त्यातच आहे.

तेव्हा डॉलरचा भाव सरकारनं बांधलेला होता. एका डॉलरला चार रुपये शहात्तर पैसे. साल एकोणपन्नासपासून तो तसाच होता. पण भाव बांधला म्हणजे माल मिळतो असं नाही. कंट्रोलच्या दुकानावर साखरेचा भाव पाटीवर लिहिलेला असायचा आणि साखर मात्र नसायची, तशी ती गोष्ट होती. परदेशी जायचं, मुलाला शिकवायला पाठवायचं, तर रिझर्व्ह बँकेकडं अर्ज करून परवानगी घ्यावी लागे आणि मंजूर होईल तेवढाच डॉलर त्या भावानं मिळे. ज्याला जास्त लागे तो खासगीत शोधे, आणि तिथं भाव चढा असे.

अमरावतीच्या कॉलेजात माझ्या वर्गात अकोल्याच्या एका कापूस-जिनिंगवाल्या शेठजींचा मुलगा होता. तोही पुढं अमेरिकेला शिकायला गेला, आणि योगायोगानं मामाच्याच गावात. त्याला मंजूर झालेले डॉलर पुरेनात. इकडं मामाला आईला पैसे पाठवायचे होते. दोन्ही टोकं माझ्या ओळखीची. मीच ती जोडली. मामा तिकडं दर महिन्याला त्या पोराच्या हातावर चाळीस डॉलर ठेवायचा. इकडं शेठजी मला अकोल्याला गादीवर दोनशे चाळीस रुपये मोजून द्यायचे. डॉलरला सहा रुपये. समुद्र ओलांडून एक पैसाही जात-येत नव्हता.

"तिकडचं तिकडं, इकडचं इकडं," शेठजी म्हणायचे. "कागद नाही, शिक्का नाही, झंझट नाही. फक्त तोंड बंद ठेव बाबू."

तोंड बंद ठेवायचं कारण मला ठाऊक होतं. हे कायद्यात बसत नव्हतं. परदेशी पैशाची देवाणघेवाण फक्त परवाना असलेल्या बँकेतून करायची, असा कायदा होता. आणि मी तेव्हा अमरावतीच्या ट्रेझरीत नुकताच कारकून म्हणून लागलेलो, अजून कायमसुद्धा झालो नव्हतो. सरकारी तिजोरीतला माणूस असलं काही करतो हे उघडं पडलं असतं, तर नोकरी गेली असती. म्हणून मामाही मला पत्रात आकडा लिहीत नसे. "मिरच्या पोचल्या असतील" एवढंच लिहायचा. पत्रं वाटेत उघडली जातात अशी तेव्हा समजूत होती, म्हणून इकडं किती रुपये मिळतात ते मीही त्याला कळवलं नव्हतं.

आजीला यातलं काही सांगितलं नव्हतं. मी महिन्याकाठी एका रविवारी बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला उतरायचो, शेठजींच्या गादीवरून पैसे घ्यायचो आणि एस.टी.नं तेल्हाऱ्याला जायचो. आजीला वाटायचं, मी ते अकोल्याच्या बँकेतून आणतो. मीही तसंच वाटू दिलं. ती नोटा कपाळाला लावायची, आजोबांच्या उशाशी नेऊन दाखवायची आणि म्हणायची, "पाय जी, पोरानं धाडले. नातवानं आनले."

नातवानं आणले, यात मला केवढा मोठेपणा वाटायचा, तेही कबूल करतो.

असं वर्ष-दीड वर्ष चाललं. मग एका रविवारी शेठजींनी मला चहा पाजला आणि हात जोडले. "बाबू, आपलं संपलं. पोराले कॉलेजातच काम भेटलं, त्याले आता डॉलर नाही लागत. तुह्या मामाले सांग, बँकेतून धाडत जाय म्हना."

मी मामाला लिहिलं, मिरच्यांचा व्यापारी बंद झाला, आता सरळ रस्त्यानं पाठव. एवढंच लिहिलं. सरळ रस्त्यानं चाळीस डॉलरचे किती होतील, हा हिशोब मला चुटकीसरशी करता आला असता. मी केलाही असेन. पण आजीला आधीच जाऊन समजावून सांगावं, हे सुचलं नाही. तेव्हा माझी खात्याची परीक्षा होती. त्या महिन्यात मी तेल्हाऱ्याला गेलोच नाही.

मामानं तिथल्या बँकेतून आजीच्या नावाचा चाळीस डॉलरचा ड्राफ्ट काढला आणि रजिस्टर पोस्टानं पाठवला. सोबत पत्र. आता चोरी काही नव्हती, म्हणून त्यानं पहिल्यांदाच मोकळेपणानं आकडा लिहिला: "नेहमीप्रमाणे चाळीस डॉलर पाठवीत आहे."

शेजारी एक निवृत्त मास्तर राहत. गणिताचे मास्तर, सरळ, कडक, आणि जरा जास्तच चौकस. आजीनं ड्राफ्टच्या मागं सही केली आणि मास्तर तो घेऊन अकोल्याच्या बँकेत गेले. असा ड्राफ्ट तिथल्या तिथं वटत नसे. अकोल्याची शाखा तो मुंबईच्या मोठ्या कचेरीकडं पाठवी, मुंबईची कचेरी न्यूयॉर्कच्या बँकेकडून वसूल करी, आणि मग रुपये होऊन ते उलट्या वाटेनं अकोल्याला येत. यात काही आठवडे गेले. आजीनं दुधवाल्याला आणि गड्याला थांबवून धरलं. शेवटी मास्तर पुन्हा गेले आणि पैसे घेऊन आले. एकशे सत्त्याऐंशी रुपये आणि वर काही पैसे.

मी गेलो तो त्यानंतरच्या रविवारी. परीक्षा पास झालो होतो. आजीनं पाटवडीची भाजी केली होती. मी जेवत होतो आणि ती आजोबांना चमच्यानं वरण-भात भरवत होती. पाठमोरीच तिनं विचारलं, "कारे बाबू, डॉलरचा भाव पडते का रे? कापसावानी?"

तिचा जन्म कापसाच्या मुलखात गेला होता. मोंढ्यात सकाळी एक भाव आणि दुपारी दुसरा, हे तिनं वडिलांच्या घरापासून पाहिलेलं. ती विचारत होती ते अगदी शहाणपणाचं होतं. तिनं स्वतःच एक उत्तर तयार करून माझ्यापुढं ठेवलं होतं. मी नुसतं "हो" म्हटलं असतं, तर ती "बरं" म्हणाली असती, आणि पुढचं काही घडलं नसतं.

मी हसलो. नुकताच पास झालेला मी. "आजी, कापूस वेगळा आणि डॉलर वेगळा. कापसाचा भाव बाजार ठरवतो. डॉलरचा सरकारनं बांधला आहे. चार रुपये शहात्तर पैसे. पंधरा वर्षांत हलला नाही आणि हलणारही नाही. सगळ्या जगाचा तसा करारच आहे."

"म्हंजे मागच्या साली जेवढा, तेवढाच आज?"

"तेवढाच."

"पक्कं?"

"अगं, मी ट्रेझरीत आहे."

 आजोबांच्या हनुवटीवरचं वरण तिनं पदरानं पुसलं. मग हात धुऊन आली आणि देव्हाऱ्याखालून नोटा काढून माझ्यापुढं ठेवल्या. "मंग हे कमी कावून?"

नोटा पाहताच मला सगळं कळलं. 

तेवढ्यात मास्तर आले. मी आल्याचं त्यांना कळलं होतं. बँकेची चिठ्ठी त्यांनी जपून ठेवली होती. त्यांनी ती माझ्यापुढं धरली. "मी पै न पै तपासली आहे. चाळीस डॉलर. सरकारी भाव चार शहात्तर, म्हणजे एकशे नव्वद रुपये चाळीस पैसे. बँक विकत घेताना भाव किंचित खाली धरते, त्यात काही गेले. मग कमिशन, मग टपाल. राहिले एकशे सत्त्याऐंशी. चूक नाही. पण तुमच्या आजी म्हणतात, तुम्ही दोनशे चाळीस आणत होतात. हा फरक मला काही सुटत नाही."

"बँकेत तुही जास्त ओळख असन," आजी माझ्याकडं पाहून म्हणाली. तिला अजूनही मला वाचवायचंच होतं.

"ओळखीनं भाव बदलत नाही, आजीबाई," मास्तर म्हणाले.

आता माझ्यासमोर दोन माणसं होती. एकटी आजी असती तर मी खरं बोललो असतो असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. आता वाटतं, तेव्हाही नसतो बोललो. पण मास्तरांसमोर तर शक्यच नव्हतं. ते दुसऱ्या दिवशी पोस्टात, वाचनालयात, सगळीकडं सांगत सुटले असते. ट्रेझरीतला पोरगा आणि चोरटा डॉलर. 

मी म्हटलं, "मामा आधी पन्नास पाठवत असेल."

मला वाटलं, हे कुणी मानणार नाही. पण मास्तरांनी डोळे मिटले, ओठ हलवले आणि टाळी वाजवली. "पन्नास गुणिले चार शहात्तर. दोनशे अडतीस! बँकेचा खर्च जाऊन दोनशे पस्तीस धरा. बसलं की गणित! फक्त वरचे पाच रुपये राहतात."

सहाच्या भावानं चाळीस आणि सरकारी भावानं पन्नास, हे दोन आकडे इतके जवळ येतात हे मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. खोटं बोलताना गणित माझ्या बाजूनं उभं राहिलं. आयुष्यात पुढं इतकी मदत कुणी केली नाही.

"ते पाच यानं घातले," आजी म्हणाली. तिचे डोळे भरले. "पाय मास्तर, पदरचे पाच रुपये घालत होता माहा नातू, अन् कधी बोलला नाही."

मी मान खाली घातली. ते विनयात खपलं.

मास्तर गेल्यावर तिनं मामाचं पत्र काढलं. तिला मराठी अक्षर लावून लावून वाचता यायचं. एका ओळीवर तिनं बोट ठेवलं. "मंग हे काय लिवलं यानं? नेहमीप्रमाणे चाळीस. नेहमीप्रमाणे कसे? पन्नासाचे चाळीस केले तं केले, माय काही म्हनते का? पन खोटं कावून लिवाव?"

मी म्हटलं, "चुकून लिहिलं असेल."

"चुकून नाही." तिनं ती ओळ पुन्हा अक्षर लावून वाचली. मग तिनं स्वतःच मामाची बाजू घेतली. "लाज वाटली असन त्याले. तिकडं खर्च वाढला असन. मायले कसं सांगाव, म्हनून असं लिवलं. आपन इचारायचं नाही. तू बी लिवायचं नाही. माही आन हाये तुले."

"आजी, एक ओळ लिहितो ना, की जरा कमी पडतात..."

"नाही. पोरानं झाकलं, ते मायनं उघडं करू नये."

त्या आणेमागं मी लपलो. आण मोडली असती तर काय झालं असतं? मामानं लिहिलं असतं, मी तर नेहमी चाळीसच देत होतो, तुला ठाऊक नाही का? आणि मग माझं खोटं उघडं पडलं असतं. म्हणून मी आजीचं ऐकलं, पण ते माझ्या सोयीसाठी ऐकलं.

पुढच्या महिन्यापासून गडी बंद झाला. दुधाचं काही तोडता येत नव्हतं, ते आजोबांचं अन्न होतं. औषध तोडता येत नव्हतं. भाड्याचं तर नाहीच. उरला तो पंचेचाळीस रुपयांचा माणूस. तो जाताना म्हणाला, "आजीबाई, अर्ध्यावर येतो," पण आजीनं त्यालाही नाही म्हटलं. त्याच्या घरी पोरं होती, अर्ध्यावर यायला लावणं तिला बरं वाटलं नाही.

मग ती स्वतः उचलायला लागली. तिनं एक पद्धत बसवली होती. आजोबांच्या काखेखालून जुनं लुगडं घालायचं, त्याची दोन्ही टोकं स्वतःच्या मानेमागं बांधायची, आणि पाय भिंतीला टेकवून मागं रेलायचं. आजोबा उठून बसत. मग तसंच त्यांना अंगावर पेलत मोरीपर्यंत. मी असलो की मी करायचो. पण मी महिन्यातून एक दिवस असायचो. "चाला, दिल्लीले जाऊ," तीही म्हणायची, पण तिला धाप लागायची आणि दिल्ली अर्धीच राहायची. आजोबा आता हसत नसत. एकदा मी पाहिलं, ती त्यांना उचलत असताना त्यांनी डावा हात तिच्या तोंडावरून फिरवला, आणि ती रागावली. "हात आवरा. पडाल."

माझी आई म्हणायची, "हिला किती सांगितलं, अमरावतीला चला. ऐकत नाही." आमच्या घरात आम्ही सातजण होतो आणि खोल्या तीन. तेव्हा तिचं सांगणंही फार जोराचं नसायचं. मग आई मामाला दोष द्यायची. "तिकडं मोटार घेतली म्हणे. इकडं आईची पाठ मोडली." नात्यात तेच पसरलं. मी कधी एक अक्षर बोललो नाही. मोटार त्या देशात सायकलसारखी लागते, एवढंसुद्धा नाही.

आजीचं मामाला जाणारं पत्र मीच लिहायचो. ती सांगायची, मी उतरवायचो. पूर्वी ती खूप सांगायची. कुणाच्या म्हशीला रेडकू झालं, तिळाचे लाडू कसे बिघडले. त्या ओळीनंतर तिचं सांगणं आखडलं. "पैसे पोचले म्हन. आमी बरे आहो म्हन. तब्येत सांभाळ म्हन." मी विचारायचो, "अजून काही?" ती म्हणायची, "काय लिवाव? त्याले वाचाले येळ तं पायजे." पुढं त्याचीही पत्रं आखडली. त्याला वाटलं असेल, आईचं आता आपल्याशी फारसं काही उरलं नाही. दोन्हीकडची पत्रं माझ्या डोळ्यांखालून जात होती.

दुसऱ्या वर्षी थंडीत आजोबा गेले. तोवर आजीची कंबर वाकली होती ती वाकलीच. ती आधी ताठ बाई होती. नंतर तिच्याशी बोलायचं तर आपल्याला खाली बसावं लागे.

आणि मग सहासष्टच्या जूनमध्ये सरकारनं रुपयाची किंमत उतरवली. डॉलर चार शहात्तरचा साडेसात रुपयांचा झाला. आमच्या ट्रेझरीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तेल्हाऱ्याला मास्तरांनी पेपर वाचून अर्ध्या गावाला समजावून सांगितलं. मामाच्या चाळीस डॉलरचे आता जवळजवळ तीनशे रुपये आले. आजीनं ते घेतले आणि देव्हाऱ्याखाली ठेवले. कपाळाला लावले नाहीत.

मी गेलो तेव्हा ती ओसरीवर बसून होती. मला म्हणाली, "तू तं म्हनत होता, हलत नाही भाव."

"सरकारनं हलवला, आजी. बाहेरून माल घ्यायला पैसा अपुरा पडत होता."

"म्हंजे हलते."

"हलते. कधीकधी."

 मग ती हळूच, जणू सहज, म्हणाली, "मंग तवा बी हलला असन. तवा खाली हलला असन. त्यानं चाळीसच धाडले असतीन, पयलेपासून. तुमाले समजलं नसन."

ती माझ्याकडं पाहत होती. दोन वर्षं तिनं याच एका गोष्टीचा विचार केला असावा. पोरगा खोटं बोलला नाही, एवढं कुणीतरी म्हणावं, एवढीच तिची भूक होती. गडी नको होता, पैसे नको होते. आजोबाही नव्हते आता. आणि मास्तरही त्या वेळी तिथं नव्हते. माझी नोकरी कायम झाली होती. शेठजी वारले होते. भ्यावं असं काही उरलं नव्हतं.

मी म्हटलं, "नाही आजी. तेव्हा नव्हता हलला. एकोणपन्नासनंतर आत्ताच हलला."

ते अक्षरशः खरं होतं. इतकं तंतोतंत खरं बोलून इतकं खोटं मी पुन्हा कधी बोललो नाही. का म्हटलं तसं? अनेकदा शोधलं. भीती नव्हती, मग काय होतं? एका खोट्याला सांभाळायची सवय झाली होती, बस. नोकरीसारखी.

"बरं," आजी म्हणाली. "ऊन तापलं. आत ये."

ती त्यानंतर फार दिवस राहिली नाही. मामाला तार केली, पण तो पोचेपर्यंत तेरावं झालं होतं. देश सोडल्यावर आठ वर्षांनी तो पहिल्यांदा आला. केस विरळ झाले होते, आणि वऱ्हाडी बोलताना तो अडखळत होता. नातेवाईक त्याच्याशी मोजकं बोलत. माझ्या आईनं त्याला वाढलं, पण त्याच्याकडं पाहिलं नाही. तो खोल्या रिकाम्या करायला तेल्हाऱ्याला आला तेव्हा मी बरोबर होतो. देव्हाऱ्याखाली नोटांची चळत निघाली. भाव वाढल्यानंतरचे सगळे. त्यातला एकही रुपया आजीनं खर्चला नव्हता. आजोबा गेल्यावर दूध-औषधाच्या वाचलेल्या दिडक्यांवर तिनं दिवस काढले होते.

मामा ती चळत हातात धरून बसला. "हे का नाही वापरले तिनं?"

मी म्हटलं, "माहीत नाही."

"आणि गडी कधी सोडला?"

"झाली दोन-तीन वर्षं."

"का?"

"परवडत नव्हता म्हणाली."

"परवडत नव्हता?" तो माझ्याकडं वळला. "पंचेचाळीस रुपये म्हणजे दहा डॉलरसुद्धा नाहीत रे. दहा डॉलर मी तिकडं एका संध्याकाळी जेवायला घालवतो. एक शब्द लिहायचा होता. तूच तर लिहायचास तिची पत्रं. एक शब्द."

मी म्हटलं, "तिनं आण घातली होती."

"कसली आण?"

"मागायचं नाही अशी."

तो रडला नाही. त्यानं मान हलवली, जणू आपली काय लायकी होती ते आता कळलं. "म्हणजे तिला मी परका झालो होतो," तो म्हणाला. मी ते खोडलं नाही.

बडनेऱ्याला त्याला मुंबईच्या गाडीत बसवायला मी एकटाच गेलो होतो. गाडीला उशीर होता. तो बाकावर बसला होता, मी उभा. त्यानं नोटांची ती चळत माझ्या खिशात कोंबली. "तू खूप केलंस त्या दोघांसाठी. आईनं एकदा लिहून कळवलं होतं मला, नातू पदरचे पैसे घालतो म्हणून."

ते पत्र तिनं दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलं असणार. माझ्याकडून नाही.

"मामा," मी म्हटलं.

"काय रे भाचेराव?"

गाडी आली. लोक धावले. मी त्याची बॅग वर चढवली, खिडकीशी उभा राहिलो, गाडी सुटेपर्यंत उभा राहिलो, आणि पाणी हवं का, एवढं विचारलं. तो पुन्हा कधी इकडं आला नाही. तिकडंच वारला. त्याला पत्रं लिहिली, बरीच लिहिली. पाऊसपाणी, मुलांची लग्नं, माझी निवृत्ती. एकातही ते लिहिलं नाही, जे असं लिहायचं होतं: मामा, तू तिच्याशी खोटं बोलला नव्हतास. चाळीस नेहमीच चाळीस होते. पन्नास मी सांगितले. ती तुझ्यावर रागावलेली नव्हती, ती तुझी लाज झाकत होती, आणि ती लाज तुझी नव्हती, माझी होती. मला क्षमा कर.